‘डिअर न्गुएन’ लिहिण्याआधी

निर्यातीच्या धंद्यात पत्रव्यवहार सांभाळता सांभाळता पदरात पडलेल्या या गोष्टी. माल, दर, तारखा यांत आपण सहसा चुकत नाही. घसरतो ते पहिल्याच ओळीत, समोरच्याच्या नावावर.

१. एक्सेलची शीट आधी दुरुस्त करा. बहुतेक ऑफिसांत ‘First Name’ आणि ‘Last Name’ असे दोन रकाने असतात आणि यादी भरणारा पहिला शब्द पहिल्या रकान्यात टाकून मोकळा होतो. समजा, व्हिएतनामच्या खरेदी विभागातल्या बाईंचं नाव आहे Nguyen Thi Lan. मेल-मर्ज केलं की पत्र निघतं ‘Dear Nguyen’. त्यांचं आडनाव पहिलं, म्हणजे ही हाक आडनावाने गेली; आणि व्हिएतनाममध्ये सुमारे एक तृतीयांश लोकांचं आडनाव न्गुएनच आहे. त्या मजल्यावर पत्र नेमकं कोणाचं?

मग कोणी शहाणपणाने ‘Ms Nguyen’ करतो. तेही तिथे रुळलेलं नाही. व्हिएतनामी माणसाला आदराने हाक मारायची तीही त्याच्या स्वतःच्या नावाने, आणि ते नाव शेवटी येतं. मधलं ‘थी’ हे बाईच्या नावात येणारं जुन्या वळणाचं पद. म्हणून इथे ‘Ms Lan’ बरोबर. दिएन बिएन फू जिंकणारे व्हो न्गुएन झाप जगभर ‘जनरल झाप’ म्हणूनच ओळखले गेले, ते याच रिवाजाने.

यावर माझा उपाय साधा आहे. पहिल्या रकान्यात पूर्ण नाव, त्यांनी सहीत लिहिलं असेल तस्संच. दुसऱ्यात आडनाव, कळलं असेल तरच. तिसऱ्यात संबोधन, म्हणजे ‘Ms Lan’ हे अख्खं. मेल-मर्जला फक्त तिसरा रकाना जोडायचा. रकाना रिकामा असेल तर पत्र थांबवायचं, आणि ते थांबलेलंच बरं.

२. जपान्यांच्या बाबतीत क्रमावर विसंबू नका. त्यांच्या भाषेत आडनाव आधी, पण इंग्रजीत लिहिताना ते उलटवायची सवय मेइजी काळापासूनची. जपान सरकारने १ जानेवारी २०२० पासून आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली. कंपन्यांवर मात्र ते बंधन नाही. त्यामुळे आज दोन्ही क्रम येतात. सहीत `KISHIDA Fumio` असं दिसलं तर मोठ्या अक्षरांतलं ते आडनाव. `Kishida, Fumio` असा स्वल्पविराम असेल, तर त्याच्या आधीचं आडनाव. दोन्ही नसेल तर त्याच कंपनीतल्या दुसऱ्या कोणाचा ईमेल-पत्ता पाहा. त्यात सुझुकी किंवा तानाका यांसारखं ओळखीचं आडनाव टिंबाच्या कोणत्या बाजूला आहे ते कळलं, की बहुधा सगळ्या पत्त्यांची रचना उलगडते. सर्वांत भरवशाची खूण ‘सीसी’तल्या सहकाऱ्यांच्या जुन्या मेलमध्ये सापडते: ते ज्या शब्दाला ‘-san’ जोडतात, ते आडनाव. आपणही तेच लिहावं. ‘सान’ बाई-पुरुष दोघांना चालतं, त्यामुळे मिस्टर की मिस हा घोळही मिटतो. मात्र आपल्या सहीत स्वतःला ‘सान’ लावू नये.

३. चिनी नावात दोन अक्षरगटांचा जोडशब्द बहुधा व्यक्तीचं नाव आणि एकाक्षरी शब्द आडनाव. शी जिनपिंग यांत शी आडनाव. ओउयांगसारखी जोड-आडनावं आहेत, पण थोडी. दोन्ही शब्द एकाक्षरी असले, जसं `Wang Wei`, तर तर्क लढवू नका, पूर्ण नाव लिहा. ते कोरडं वाटेल, चुकीचं ठरणार नाही.

४. एवढ्या लांब कशाला, चेन्नईला पत्र लिहितानाही हेच. तमिळ रिवाजात आडनाव नसतं. आद्याक्षर वडिलांच्या नावाचं. विश्वनाथन आनंद यांतले विश्वनाथन हे वडील, खेळाडू आनंद. तरी बुद्धिबळाच्या जगाने त्यांना लाडाने ‘विशी’ केलं, म्हणजे हाक वडिलांच्या नावाची.

५. काहीच उलगडलं नाही तर विचारावं. ‘आपल्याला कसं संबोधू?’ एवढी एक ओळ पत्राच्या शेवटी पुरते. याचा राग आलेला मला तरी कोणी भेटलेला नाही.

आणि आपलं स्वतःचं? दहावीच्या मार्कलिस्टच्या क्रमाने ‘देशपांडे सुनील वसंत’ अशी सही करणारा परदेशात हमखास ‘मिस्टर वसंत’ होतो आणि उत्तरं वडिलांच्या नावाने येत राहतात. तेव्हा ईमेलच्या सहीत आडनाव मोठ्या अक्षरांत टाका, `Sunil DESHPANDE` असं, आणि वडिलांचं नाव तिथून काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करून टाका.