परिषदेला जाण्याची मंजुरी : खर्च आणि फायदा कसा मांडावा?

14 ते 17 फेब्रुवारी 2025 या काळात दिल्लीच्या भारत मंडपममध्ये ‘भारत टेक्स’ हे वस्त्रोद्योगाचे प्रदर्शन व परिषद भरली होती. जालन्याहून जाण्याचा आमचा विचार होता. आमची पेढी भागीदारीची, आणि तिजोरी थोरल्या भाईजानकडे. आम्ही पहिला अर्ज तीन ओळींचा केला : “नवीन माहिती मिळेल, ओळखी वाढतील, विक्री वाढेल.” भाईजानने तो परत केला आणि एवढेच विचारले, “किती मीटरवर किती पैसे वाचतील?”

सवाल रास्त होता. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याच्या रोजच्या बाबी भागीदार बहुमताने ठरवतात. धंद्याच्या योग्य कामासाठी एखाद्या भागीदाराने केलेला खर्च पेढीने भरून द्यायचा असतो. पण तो खर्च ‘योग्य’ होता की हौसेचा, हा वाद परत आल्यावर होतो. म्हणून खर्च आणि फायदा दोन्ही आधीच कागदावर हवेत.

दुसऱ्या अर्जात आम्ही दोघांचा, म्हणजे आमचा व पुतण्याचा, सहा दिवसांचा खर्च मांडला. सचखंड एक्सप्रेसचे स्लीपरचे जाण्या-येण्याचे भाडे अंदाजे 2,600 रुपये, तीन रात्रींची खोली 4,500, जेवणखाण 4,800, दिल्लीतली ये-जा 1,500, नमुने आणि त्यांचे पार्सल 1,600. बेरीज 15,000 झाली. लोक बहुधा इथेच थांबतात. पण पुतण्या गल्ल्यावर नसेल तर सहा दिवस बदली माणूस लागणार, त्याचे 3,000. अडीअडचणीसाठी 2,000, उरले तर परत जमा. एकूण 20,000 रुपये.

फायद्यात ‘विक्री वाढेल’ हे वाक्य आम्ही खोडून टाकले, कारण विक्री म्हणजे नफा नव्हे. त्याऐवजी एकच माल धरला : शाळेच्या गणवेशाचे पॉलिस्टर-व्हिस्कोस कापड. हंगामाला आम्हाला 8,000 मीटर लागते. ते ठोक व्यापाऱ्याकडून 140 रुपये मीटरने येत होते. भिलवाड्याच्या गिरणीकडून थेट 134 ला मिळाले, तर वाहतुकीचे 2 रुपये धरून मीटरमागे 4 रुपये वाचतात. म्हणजे 20,000 चा खर्च निघायला 5,000 मीटर घ्यावे लागतील. हा आकडा अर्जात सर्वांत वर लिहिला.

त्याखाली तोट्याची बाजूही लिहिली. ठोक व्यापारी 60 दिवसांची उधारी देतो. गिरणी रोख मागेल आणि कमीत कमी मालाची अट घालील. त्यामुळे सगळा माल पहिल्याच वर्षी थेट घेणे जमणार नाही. निम्मा, म्हणजे 4,000 मीटर घेतला, तर 16,000 वाचतील आणि पहिल्या हंगामात 4,000 अंगावर येतील. हे लपवले असते, तर पुढच्या अर्जावर कोणी विश्वास ठेवला नसता.

उरलेल्या माणसांना काय मिळणार, हेही नेमके लिहिले. दुकानातील तीन मुले आणि शिलाईचे मास्टर यांच्यासाठी प्रत्येक नमुन्याची एक चिठ्ठी आणायची : पन्हा, वजन, भाव, कमीत कमी किती माल, किती दिवसांत. आल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी तासभर सगळ्यांनी बसून ते नमुने पाहायचे.

मंजुरी मिळाली, आणि या बैठकीनेच खरे काम केले. आम्हाला सर्वांत स्वस्त वाटलेला एक नमुना मास्टरने हातात घेतला. त्यावर 50 सेंटिमीटरची खूण केली, रात्रभर भिजवला, सावलीत वाळवला आणि मोजला. तो 48 भरला, म्हणजे 4 टक्के आटला. पोराची पँट पहिल्याच धुण्यात वर गेली असती आणि माल दुकानात परत आला असता. तो नमुना बाद झाला. दुसरा 49.5 भरला, त्याचे 4,000 मीटर मागवले. पहिले ताके आल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातून एक तुकडा कापून त्याच रीतीने तपासला, कारण नमुना एक आणि माल दुसरा हा प्रकार या धंद्यात नवा नाही.

जूनअखेर हिशोब भाईजानपुढे ठेवला. अडीअडचणीच्या रकमेतील 700 परत जमा झाले होते. खर्च 19,300, बचत 16,000, तूट 3,300. भाईजानने कागदावर सही केली आणि खाली लिहिले : “पुढच्या हंगामात त्याच गिरणीचा माल घ्यायचा, प्रवास नाही.” तूट तिथेच भरून निघायची आहे. अर्जाचा तो कागद आम्ही खरेदीच्या वहीत लावून ठेवला आहे. पुढच्या वेळी कोणाला जायचे असेल, त्याने त्याच कागदासमोर आपले आकडे मांडायचे आहेत.