जिंकणाऱ्याचं खातं

वाळूज एमआयडीसीत बरीच वर्षं गुणवत्ता तपासणीत काढल्यावर कंपनीने इंग्लंडला पाठवलं. तिथे फुटबॉलवर पैसे लावणं कायदेशीर. आकड्यांची सवय होतीच, म्हणून मीही लावू लागलो. त्यातून कळलेलं थोडं.

१. बुकी तुमचा नफा नव्हे, तुम्ही घेतलेला भाव बघतो. सामना सुरू होताना उरलेला भाव साधारण खरा मानतात, कारण तोवर सगळ्यांची माहिती त्यात उतरलेली असते. मी एका संघावर २.२० भावाने १०० पाउंड लावले आणि सामना सुरू होईपर्यंत तो भाव २.०० वर आला, तर संघाची शक्यता साधारण निम्मी. म्हणजे सरासरी ११० परत. दर शंभरामागे १० बुकीच्या खिशातून. संघ हरला तरी हिशेब तोच. त्यामुळे असा भाव वारंवार मिळवणारा तोट्यात असतानाही आवळला जातो, आणि पडेल भावाने नशिबावर जिंकलेल्याला मात्र बोनस येत राहतात.

२. खातं एकदम बंद होत नाही. आधी सवलती थांबतात. मग ५० पाउंड टाकले की ‘२ पाउंडच स्वीकारू’ असं उत्तर येतं. शिल्लक मात्र नीट परत मिळते, निदान मला मिळाली. बायकोच्या नावाने खातं काढायचा सल्ला मित्रांनी दिला होता. तो नियमभंग, आणि त्यात पैसे अडकतात.

३. बुकी भाव बघून आवळतो, हे दाखवणारा प्रयोग २०१७ साली जाहीर झाला. लिसांड्रो काउनित्झ आणि दोन सहकाऱ्यांनी अनेक बुकींच्या भावांची सरासरी काढली आणि जो एकटाच त्याहून फार जास्त देत होता, त्याच्याकडे लावले. म्हणजे सामन्याचं भाकीत नाही, फक्त बुकीची चूक हेरायची. पाच महिन्यांत ५० डॉलरच्या २६५ पैजा, नफा ९५७.५० डॉलर. मग बुकींनी त्यांच्या रकमा आवळायला सुरुवात केली. एवढ्याशा नफ्यावर! पण बुकीला धास्ती रकमेची नव्हती, पद्धतीची होती.

४. परतल्यावर भाच्याने विचारलं, ‘मामा, इथे जमेल का?’ इथला क्रिकेटचा बुकी बेकायदा. तो मर्यादा घालत बसत नाही, फोन उचलणं बंद करतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं, त्यामुळे जिंकलेले पैसे कोर्टातही मागता येत नाहीत. शिवाय पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली.

५. उरतात घोड्यांच्या शर्यती. पुण्याच्या रेसकोर्सवर टोटला कोण जिंकतो याचं सुखदुःख नसतं: सगळ्यांचे पैसे एकत्र करून, क्लबचा वाटा काढून, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. तिथे कुणी हाकलत नाही, पण मोठी रक्कम लावली की आपलाच भाव घसरतो. आणि सप्टेंबर २०२५पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. माझ्या त्या दहा टक्क्यांचं तिथे काय होईल, ते भाच्याने कागदावर स्वतःच मांडून पाहिलं.