‘हाच’ या शब्दावर बोट ठेव

अगं, काल रात्री फोनवर तू दौंडच्या वादविवाद स्पर्धेसाठीचं खंडन म्हणून दाखवलंस ना, ते ऐकून मला आधी कौतुक वाटलं आणि मग पोटात गोळाच आला. एकदासुद्धा अडखळली नाहीस. पूर्ण दोन मिनिटं, पाठ! पण मला सांग, समोरची मुलगी काय बोलणार हे तुला आजच कसं कळलं?

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. कॉलेजात असताना मीही असंच खंडन घोटून गेले होते. समोरच्या मुलाने जो मुद्दा मांडलाच नाही, तोच मी दीड मिनिट तावातावाने खोडून काढला. परीक्षक नंतर एवढंच म्हणाले, ‘बाळ, तू भांडलीस कुणाशी?’ सभागृहात सगळे हसले. एसटीत बसून घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

म्हणून सांगते, पाठांतर सोडू नकोस, पण काय पाठ करायचं ते बदल. तुझा विषय आहे ‘वस्तीतले बिबटे पकडून हलवणे हाच संघर्षावरचा उपाय आहे’, आणि तू विरोधात बोलणार आहेस. मग विषयातला एक लहानसा शब्द आधी पकड: ‘हाच’. बिबट्या कधीच पकडू नये, हे तुला सिद्ध करायचं नाहीये. पकडणं हा एकमेव उपाय नाही, एवढं दाखवलंस की तुझं काम झालं. हे डोक्यात पक्कं असलं की समोरची काहीही बोलली तरी परतायला तुला जागा असते.

आता चार चिठ्ठ्या कर. प्रत्येकीवर वर समोरच्या मुलीचं संभाव्य वाक्य लिही, तिच्या तोंडी शोभेल असं. तुला सोपं जावं म्हणून ते कच्चं लिहू नकोस. खाली तुझं एका वाक्यातलं उत्तर आणि एक पुरावा. बस. सावकाश बोललीस तर दोन मिनिटांत दोनशे-सव्वादोनशे शब्द होतात, म्हणजे दोन मुद्दे नीट होतील, तिसरा ओढूनताणून. चारपैकी दोन चिठ्ठ्या खिशातच राहणार आहेत. राहू देत.

पहिली चिठ्ठी बहुतेक ही निघेल: ‘बिबट्याचं घर जंगल आहे, त्याला तिथे नेऊन सोडा.’ याला आपल्या तालुक्यातच उत्तर आहे. ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त उभा असतो, त्यात लपायला जागा मिळते, शेजारी पाणी आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या. मादी उसातच पिल्लं घालते. तोडणीच्या वेळी सरीत बछडे सापडल्याच्या बातम्या तू लहानपणापासून ऐकतेस. जो उसात जन्मला, त्याला ‘घरी’ कुठे नेणार?

दुसऱ्या चिठ्ठीवर तुझा सगळ्यात भारी पुरावा आहे. जुन्नर वनविभागात 2001 पासून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. सोडलेले बिबटे जंगलात टिकले नाहीत, जवळच्या वस्त्यांकडे वळले. काल तू हे आकडे छान म्हणालीस.

पण इथेच तू फसशील. नीट ऐक.

हा अभ्यास ‘पकडून दुसरीकडे सोडण्या’चा आहे. समजा समोरची म्हणाली, ‘आम्ही सोडा म्हणतच नाही, पकडून माणिकडोहच्या निवारा केंद्रात कायमचे ठेवा,’ तर तुझे 4 आणि 17 तिला लागतच नाहीत. विषयात ‘हलवणे’ आहे, त्यात दोन्ही बसतं. तरी तू पाठ केलं म्हणून आकडे फेकलेस, तर परीक्षकांना लगेच कळेल की तू ऐकत नव्हतीस. म्हणून तिचं भाषण चालू असताना फक्त क्रियापद टिपायचं: सोडा की ठेवा? वहीचं पान मधोमध दुमड. डावीकडे तिचे शब्द जसेच्या तसे, उजवीकडे चिठ्ठीचा नंबर. ‘सोडा’ म्हणाली तर दोन नंबर.

‘ठेवा’ म्हणाली तर तिसरी चिठ्ठी, आणि ती अशी बोलायची: ‘माझी मैत्रीण म्हणाली, बिबटे कायमचे पिंजऱ्यात ठेवा. जो माणसावर हल्ला करतो हे नक्की झालंय, त्याच्यापुरतं मला हे मान्य आहे. पण एक नेला तरी ऊस तिथेच आहे, भक्ष्य तिथेच आहे, म्हणून रिकाम्या जागेत दुसरा येतो. पिंजऱ्यांना अंत आहे, उसाला नाही. मग रात्रीचं पाणी देणाऱ्याला दिवसा वीज आणि शेळ्यांना बंद गोठा, हे उपाय लागतातच. आणि ते लागतात म्हटल्यावर पकडणं हाच उपाय कसा?’ बघ, ‘हाच’वर आलीस की नाही परत?

यातलं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ कर. मधलं दर वेळी वेगळं आलं तरी चालेल, यायलाच हवं.

चौथी चिठ्ठी अवघड आहे. ती म्हणेल, ‘मुलं मेली, आणि तुम्ही अभ्यास सांगता?’ 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत मुलं गेली, ते दौंडच्या सभागृहात प्रत्येकाला आठवत असेल. तिकडेही ऊस आहे आणि बिबट्याही आहे. या चिठ्ठीला ‘पण’ने सुरुवात करू नकोस. थांब, म्हण की हे खरं आहे, आणि मग म्हण की म्हणूनच ज्याने हल्ले वाढल्याचं दिसलंय तो उपाय पुन्हा नको. तिने ‘ठेवा’ म्हटलं असेल तर हे शेवटचं वाक्य गाळ आणि तिसऱ्या चिठ्ठीतल्या गोठ्यावर आणि विजेवर ये. कुणा मुलाचं नाव घेऊ नकोस. आपल्या गुणांसाठी ते वापरायचं नाही.

आणि जुन्नरच्या आकड्यांवर ती पलटून म्हणालीच की त्या काळात ऊसही वाढला असेल, हल्ले त्याने वाढले असतील, तर चिडू नकोस. शंका रास्त आहे. ‘असू शकतं, पण मग दोष उसातल्या सोयीचा, आणि बिबट्या हलवून ती सोय हलत नाही,’ एवढं म्हण आणि पुढे जा.

आता सराव. बाबांना समोरची बाजू घ्यायला सांग. त्यांनी दर वेळी वेगळा क्रम घ्यायचा, एखाद्या वेळी चिठ्ठीबाहेरचंही काही बोलायचं. तू अर्ध्या मिनिटात ठरवायचं की कुठले दोन घ्यायचे. तिने ज्या मुद्द्यावर सगळा भार टाकलाय तो आधी, भले तो तिने शेवटी सांगितलेला असो. आईच्या हातात घड्याळ दे आणि दीड मिनिटाला ताटली वाजवायला सांग. ताटली वाजली की नवा मुद्दा काढायचा नाही, थेट शेवटच्या वाक्यावर यायचं.

शनिवारी न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाताना खिडकीजवळ बस. दोन्ही बाजूंना ऊस दिसेल. चिठ्ठ्या बॅगेतच ठेव आणि बाबांना म्हण, बोला काहीतरी. पोचल्यावर फोन कर, पण निकाल नको सांगूस आधी. ती ‘सोडा’ म्हणाली की ‘ठेवा’, ते सांग.