पोस्टात हरवलेला ड्राफ्ट : बँकेकडे काय मागावे, कसे मागावे

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदांनी ठिबकच्या सामानासाठी 38,500 रुपयांचा डिमांड ड्राफ्ट काढून पुण्याच्या विक्रेत्याकडे पोस्टाने पाठविला. तीन आठवडे झाले तरी पाकीट पोचले नाही. सभासद बँकेत गेले नि म्हणाले, "साहेब, माझा ड्राफ्ट थांबवा." क्लार्क म्हणाले, "काका, चेक थांबवता येतो, ड्राफ्ट थांबवता येत नाही." "अहो, पैसे तर माझेच ना?" असे म्हणत ते रागाने आमच्या हिशेब विभागात आले. क्लार्कचे म्हणणे बरोबर होते, पण अर्धेच. उरलेले अर्धे त्यांनी सांगावयास हवे होते.

चेक हा आपण आपल्या बँकेला दिलेला हुकूम असतो, म्हणून तो वटण्यापूर्वी आपणच मागे घेऊ शकतो. ड्राफ्टचे तसे नाही. आपण पैसे आधी भरलेले असतात आणि ड्राफ्टवर देणेकरी म्हणून बँक स्वतः उभी असते. तो बँकेचा शब्द आहे. आपल्या एका अर्जाने तो फिरत नाही. मात्र ड्राफ्ट हरवल्याचे कळविले की बँक आपल्या दप्तरी सावधगिरीची नोंद करते आणि डुप्लिकेट ड्राफ्ट देऊ शकते. मागावयाचे ते हे.

अर्ज ड्राफ्ट खरेदी करणाऱ्याने किंवा ज्याच्या नावे तो आहे त्याने करावा. त्यात ड्राफ्टचा नंबर, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे, कोणत्या शाखेवर आणि आपल्या कोणत्या खात्यातून पैसे गेले, एवढे लिहावे. आमच्या सभासदांनी नंबरच लिहून ठेवला नव्हता! शेवटी ड्राफ्टच्या फॉर्मची पावती कपाटात सापडली, म्हणून बरे. सोबत पोस्टाची पावती आणि "ड्राफ्ट मिळाला नाही" असे विक्रेत्याचे पत्र जोडावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख नि सही घेतल्याशिवाय तेथून उठू नये, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

मग बँक स्टँप पेपरवर हमीपत्र मागते. मूळ ड्राफ्ट पुढे कोणी वटवला आणि बँकेस तोशीस लागली, तर ती भरून देईन, असा त्याचा अर्थ. मोठ्या रकमेस जामीनदारही मागतात. यात बँकेचा अविश्वास नाही. दोन कागद एकाच पैशासाठी बाहेर असतात, त्याची ही राखण आहे. काही शाखा पोलीस तक्रारीची प्रतही मागतात. 5,000 रुपयांपर्यंतच्या ड्राफ्टसाठी ज्या शाखेवर तो काढला तिच्याकडून 'वटलेला नाही' असा निरोप येईपर्यंत थांबावे लागत नाही. पुरेसे हमीपत्र दिले की काम होते.

रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना सांगितलेले आहे की डुप्लिकेट ड्राफ्ट अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावा, आणि उशीर केला तर तेवढ्या मुदतीच्या ठेवीच्या दराने व्याज द्यावे. आमच्या सभासदांच्या बाबतीत समजा 20 दिवस उशीर झाला नि दर 6 टक्के धरला, तर 38,500 रुपयांवर सुमारे 127 रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण अर्जात तिचा उल्लेख केला की फाइल हलते, असा आमचा अनुभव आहे. ड्राफ्ट दुसऱ्या कोणाच्या नावे पृष्ठांकित होऊन गेलेला असेल, तर ही 15 दिवसांची सवलत लागू होत नाही.

मूळ ड्राफ्ट आधीच वटलेला निघाला तर डुप्लिकेट मिळत नाही. तेव्हा तो कोणत्या बँकेतून, कोणत्या तारखेस वटला, हे लेखी मागावे. 'अकाऊंट पेयी' रेघा असल्या तर पैसे कोणाच्या तरी खात्यातच गेलेले असतात, म्हणून माग लागतो. 20,000 व त्यावरील ड्राफ्टवर बँक त्या रेघा घालूनच देते. लहान रकमेवर आपण मागून घ्याव्यात.

डुप्लिकेट मिळाल्यावर जुने पाकीट आले, तर तो ड्राफ्ट विक्रेत्यास देऊ नये, बँकेत परत करावा. आणि ड्राफ्ट हरवला नसून नुसती तीन महिन्यांची मुदत संपली असेल, तर डुप्लिकेटचा खटाटोप नको. खरेदीदाराने मूळ ड्राफ्ट बँकेत नेऊन मुदत वाढवून घ्यावी.

चेक पाठविला असेल तर घाई अधिक. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर चालते, म्हणून 'उद्या जाऊ' म्हणू नये. चेक नंबर व रक्कम लिहून अर्ज द्यावा आणि पोचेवर वेळही टाकून घ्यावी. हा अर्ज चेक लिहिणाऱ्यानेच द्यावयाचा असतो. कारखान्याने आपणांस पाठविलेला चेक हरवला, तर बँकेत जाऊन उपयोग नाही. आमच्या हिशेब विभागास लेखी कळवावे. आम्ही थांबविण्याची सूचना देऊ, जुना वटला नसल्याची बँकेकडून खात्री करू, आणि मगच नवा चेक काढू.