साडेआठचे आठ पन्नास

खंडाळा तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गाच्या कडेला शिरवळ आणि केसुर्डीच्या औद्योगिक वसाहती आहेत. अशा ठिकाणी ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांच्या वेळेचा हिशेब दोनदा होतो. एकदा कंपनीच्या टाइम ऑफिसात आणि एकदा ठेकेदाराच्या टेबलावर. महिनाअखेरीला दोन्ही आकडे जुळले तर बिल पास होतं, नाही जुळले तर परत येतं.

तिथल्याच एका ठेकेदाराकडे हजेरी आणि बिलं सांभाळणारी, लोणंदहून ये-जा करणारी एक तरुणी परत आलेल्या बिलाची गोष्ट आता हसत सांगते. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्याने केलेला घोळ तिच्या वाट्याला आला होता. कंपनीच्या पंचिंग मशीनचा रिपोर्ट दशांशात यायचा, तर टाइमशीटचा छापील नमुना तास आणि मिनिटं मागायचा. आधीच्या माणसाने सोपा रस्ता धरला. रिपोर्टमधला टिंब काढायचा, तिथे दोन टिंबं द्यायची, की झालं. ८.५० चे ८:५० झाले.

एका कामगाराचा आठवडा घेऊ. रिपोर्टमध्ये सहा दिवसांचे आकडे होते ८.५०, ९.२५, ८.७५, ८.००, ९.५० आणि ८.३३. बेरीज ५२.३३, म्हणजे ५२ तास २० मिनिटं. टाइमशीटवर मात्र ८:५०, ९:२५, ८:७५, ८:००, ९:५०, ८:३३ असं उतरलं आणि बेरीज ५३ तास ५३ मिनिटं झाली. एकाच माणसाच्या एका आठवड्यात ९३ मिनिटं हवेतून आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याच्या ४८ तासांवरचं काम दुप्पट दराने मोजायची तरतूद होती, त्यामुळे ही सगळी मिनिटं थेट ओटीत जाऊन बसली. तासाचा साधा दर ८० रुपये धरला, तर एका माणसामागे २४८ रुपये जास्त. कंपनीने ते बिलातून कापले, पण तोवर कामगारांच्या हातात पगार पडलेला होता.

“मला ते ८:७५ बघूनच कळलं,” ती सांगते. “पंचाहत्तर मिनिटं असतात कुठे?”

खूण हीच. तास-मिनिटांच्या रकान्यात ५९ च्या वरचा आकडा दिसला, की तो दशांश आहे हे नक्की. पण ८:५०, ९:२५, ८:३३ हे आकडे दिसायला अगदी निर्दोष असतात, म्हणून एकाच आकड्यावर नजर टाकून भागत नाही. पूर्ण रकाना वरून खाली बघावा लागतो.

आता खरं रूपांतर. टिंबाच्या डावीकडचे तास जसेच्या तसे ठेवायचे आणि उजवीकडच्या भागाला साठने गुणायचं. ०.५० गुणिले ६० म्हणजे ३०, म्हणून ८.५० म्हणजे ८:३०. ०.२५ ची पंधरा मिनिटं, ०.७५ ची पंचेचाळीस. सव्वा, साडे, पावणे लहानपणापासून तोंडात असलेल्या माणसाला हे तीन आकडे पाठ करावे लागत नाहीत. बाकीच्या आकड्यांसाठी तिची युक्ती अशी, की टिंबानंतरच्या पहिल्या अंकाला सहाने गुणायचं. ०.१ म्हणजे सहा मिनिटं, ०.३ म्हणजे अठरा. ०.४ ची चोवीस होतात, आपल्या जुन्या कालगणनेतली नेमकी एक घटका. (दशांश तास हे परकं खूळ वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यायला हरकत नाही.)

८.३३ जरा त्रास देतो. ०.३३ गुणिले ६० म्हणजे १९.८. मशीनकडे मुळात वीस मिनिटं होती. तासाचा तिसरा भाग दोन स्थळांत मावला नाही म्हणून ०.३३ उरलं. इथे एक्सेलमध्ये नुसतं २४ ने भागून काम उरकलं, तर पडद्यावर ८:१९ दिसतं, कारण मिनिटांपुढचे सेकंद तो दाखवताना सोडून देतो. म्हणून आधी पूर्ण मिनिटं करून घ्यायची, मग दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागायचं. दशांश तास B2 मध्ये असतील, तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र:

```
=ROUND(B2*60,0)/1440
```

१४४० कशाला, हा प्रश्न पडतो. एक्सेलच्या लेखी १ म्हणजे एक तास नसून एक पूर्ण दिवस असतो. म्हणूनच ८.५ लिहिलेल्या खान्याला सूत्र न लावता नुसता `h:mm` साचा दिला, तर १२:०० दिसतात. आठ दिवस गिळले जातात आणि उरलेला अर्धा दिवस बारा तास बनून समोर येतो. साऱ्या रकान्यात असले चमत्कारिक आकडे दिसू लागले, तर भागाकार राहून गेलाय असं समजावं.

सूत्र लावल्यावर Ctrl+1 दाबायचं, Custom निवडायचं आणि साचा असा टाइप करायचा:

```
[h]:mm
```

चौकटी कंस विसरले, तर रोजचे आकडे बरोबर दिसतात आणि आठवड्याची बेरीज तेवढी बिघडते. ५२:२० च्या जागी ४:२० येतं, कारण चोवीस तास झाले की एक्सेल घड्याळासारखा शून्यावर जातो. या उदाहरणात तर फसायला छान वाव आहे. ५२:२० मधून ४८ वजा केले तरी ४:२० च उरतात, त्यामुळे ओटीचा आकडा आपोआप आला असं एखाद्याला वाटेल. पुढच्या आठवड्यात बेरीज ४७:१० झाली की तिथे २३:१० उभे राहतात.

बेरीज कुठल्या रकान्याची घ्यायची, हेही आधी ठरवलेलं बरं. तीन दिवसांचे ०.३३ मिळवले तर ०.९९ होतात, म्हणजे ५९ मिनिटं. तेच प्रत्येक दिवसाची वीस मिनिटं करून मिळवले तर पूर्ण तास. एका मिनिटाने पगार फारसा हलत नाही, पण ताळा जुळत नाही आणि बिल परत यायला तेवढं पुरतं. ती रोजच्या रोज रूपांतर करून त्याच रकान्याची बेरीज घेते.

उलटा घोटाळा गेटवर होतो, आणि तो कामगाराच्या खिशातून जातो. रखवालदाराच्या वहीत ७.३० म्हणजे सात तास तीस मिनिटं, कारण आपण लग्नपत्रिकेपासून एसटीच्या फलकापर्यंत वेळ टिंब देऊनच लिहीत आलो. तोच आकडा एक्सेलमध्ये भरला की शेवटचं शून्य गळून ७.३ उरतो आणि वरच्या सूत्राने त्याचे ७:१८ होतात. तीस मिनिटांतली बारा गेली. वहीतली मिनिटं दशांश समजून वाचली की प्रत्येक वेळी नेमकी चाळीस टक्के मिनिटं कापली जातात. अशा वहीसाठी, आकडा A2 मध्ये असेल तर, सूत्र वेगळं लागतं:

```
=ROUND(INT(A2)*60+(A2-INT(A2))*100,0)/1440
```

कुठलं सूत्र लावायचं, ते एक्सेलला ठरवता येत नाही. ७.३ हा मशीनचा असेल तर ७:१८ खरे, वहीचा असेल तर ७:३०. म्हणून तिच्या फाइलमध्ये आता दोन वेगळी पानं आहेत, एक मशीनचं, एक गेटचं, आणि रकान्यांच्या डोक्यावर ‘दशांश तास’ किंवा ‘तास.मिनिटं’ असं ठळक लिहिलेलं असतं. रखवालदाराला दोन टिंबं द्यायला सांगून तिने पाहिलं होतं. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच टिंब देऊन मोकळा झाला.