शॉर्ट सर्किटने उपकरणे जळाली : भाडेकरूने सोसायटीस काय लिहावे?

प्रश्न : ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत मी नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करारान्वये राहतो. गेल्या महिन्यात एका सायंकाळी घरातील दिवे एकाएकी डोळे दिपावेत इतके प्रखर झाले, आणि क्षणार्धात फ्रिज, टीव्ही व इंटरनेटचा राउटर ही तिन्ही बंद पडली. समोरच्या घरातील दिवे मात्र त्याच वेळी मिणमिणत होते. माझ्या घरातील एमसीबी खाली पडला नाही. संस्थेच्या वायरमनने मीटर रूममध्ये काही जोडणी घट्ट केल्यावर पुरवठा पूर्ववत झाला. नुकसानीबद्दल विचारले असता सचिव म्हणतात की, 'आपण सभासद नाही, आणि घरातल्या शॉर्ट सर्किटशी संस्थेचा संबंध नाही.' मी संस्थेस पत्र लिहू शकतो काय? त्यात काय मजकूर असावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पत्र आपण अवश्य लिहावे, परंतु त्यात 'शॉर्ट सर्किट' हा शब्द कारण म्हणून लिहू नये, कारण आपण वर्णिलेली लक्षणे शॉर्ट सर्किटची नाहीत, आणि तो एक शब्द सचिवांच्या हाती आयता बचाव देईल. शॉर्ट सर्किटमध्ये प्रवाह बेसुमार वाढतो, आणि वाढत्या प्रवाहाला ओळखून तोडण्यासाठीच एमसीबी बसविलेला असतो. तो पडला असता, अंधार झाला असता, आणि फ्रिज बहुधा वाचला असता. आपल्या घरात वाढला तो दाब, म्हणजे व्होल्टेज, आणि साधा एमसीबी दाबाकडे पाहतच नाही.

इमारतीस येणारा पुरवठा तीन फेजचा असतो. प्रत्येक घराला त्यांतील एक फेज आणि सर्वांना सामायिक असा न्यूट्रल मिळतो, तेव्हा घरात २३० व्होल्ट येतात. दोन फेजांमधील अंतर मात्र ४०० व्होल्टचे असते. सामायिक न्यूट्रलची जोडणी ढिली होऊन तुटली, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे एकामागून एक जोडल्यासारखी होऊन ते ४०० व्होल्ट आपापल्या भाराप्रमाणे वाटून घेतात, आणि या वाटणीत ज्या घरात कमी वीज वापरली जात असेल त्याच्या वाट्यास अधिक दाब येतो. समजण्यापुरता दोनच घरांचा हिशेब करू. समोरच्या घरात २००० वॅटचा गिझर चालू आहे आणि आपल्याकडे दिवे, टीव्ही मिळून २०० वॅटचा भार आहे, असे धरले तर आपल्याकडे सुमारे ३६० व्होल्ट येतात आणि समोर जेमतेम ३६ उरतात. आपले दिवे प्रखर आणि त्यांचे मंद, ही खूण म्हणूनच निर्णायक आहे. केवळ आपल्या सदनिकेतील न्यूट्रल तुटला असता तर, आपले मीटर एका फेजचे असल्यास, घरात अंधार झाला असता, याहून अधिक काही नाही. सबब दोष अनेक घरांना सामायिक असलेल्या ठिकाणी होता, ही गोष्ट आपल्या व शेजाऱ्यांच्या अनुभवानेच सिद्ध होण्यासारखी आहे. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीवर योग्य लगविना आवळलेली असणे, वर्षानुवर्षे स्क्रू न कसणे, ही अशा दोषाची नेहमीची कारणे होत, आणि तापून काळवंडलेला लग किंवा वितळलेले आवरण ही त्यांची साक्ष.

आता जबाबदारीकडे वळू. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतच्या विद्युतवाहिन्यांची दुरुस्ती व देखभाल संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या कामांत घातली आहे; त्या स्विचच्या आतील वायरिंग सभासदाकडे राहते. आपल्या संस्थेने हेच उपविधी स्वीकारले आहेत काय, हे घरमालकांकडून पडताळून घ्यावे. तसे असल्यास सचिवांचे 'घरातले' हे म्हणणे टिकत नाही. मात्र दोष वीज कंपनीच्या केबलमध्ये किंवा तिच्या कटआउटमध्ये असेल, तर दाद कंपनीकडे मागावी लागेल, आणि यासाठी वायरमनने नेमके कोठे हात घातला हे लेखी मिळविणे हे पत्राचे पहिले प्रयोजन होय. दुसरी मर्यादा अशी की, दुरुस्ती संस्थेने करावयाची, एवढ्यावरून नुकसानभरपाई आपोआप देय होत नाही. संस्थेने हयगय केली, उदाहरणार्थ दिवे लुकलुकण्याच्या तक्रारी येऊनही पॅनेल तपासले नाही, असे दाखवावे लागते.

आपण सभासद नाही हे सचिवांचे विधान खरे आहे, पण त्याने पत्र लिहिण्यास बाध येत नाही. तथापि दप्तर पाहण्याचा आणि सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद नेण्याचा मार्ग मुख्यतः सभासदासाठी आहे, म्हणून पत्रावर घरमालकांची सही घेणे शहाणपणाचे. जळालेला फ्रिज मालकांनी दिलेला असेल, तर त्याच्या रकमेची मागणी त्यांचीच होईल, हेही ध्यानात ठेवावे.

मजकूर साधारणतः असा असावा :

> मा. सचिव महोदय, सविनय विज्ञापना अशी की, दिनांक … रोजी सायंकाळी … वाजता सदनिका क्रमांक … मधील विद्युतदाब एकाएकी वाढून दिवे अतिप्रखर झाले व फ्रिज, टीव्ही आणि राउटर ही उपकरणे बंद पडली. त्याच वेळी सदनिका क्रमांक … मधील दिवे मंद झाले होते. सदनिकेतील एमसीबी पडला नव्हता. संस्थेच्या वायरमनने मीटर रूममधील जोडणी दुरुस्त केल्यावर पुरवठा सुरळीत झाला. यावरून सामायिक न्यूट्रलमध्ये दोष असावा असे दिसते.
>
> तरी (१) परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मीटर रूम व पॅनेल यांची तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी. (२) त्या दिवशीच्या दुरुस्तीचे स्थान, स्वरूप व काढलेले भाग यांची लेखी नोंद द्यावी आणि ते भाग जपून ठेवावेत. (३) नुकसानीदाखल रुपये ८,९०० देण्याबाबत व्यवस्थापक समितीच्या पुढील सभेत निर्णय करून १५ दिवसांत लेखी कळवावे.

रकमेचा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे : फ्रिजचे कंट्रोल बोर्ड बदलण्याचे ४,८००, टीव्हीच्या पॉवर बोर्डाचे ३,२००, आणि दुरुस्त न होणारा १,८०० रुपयांचा राउटर निम्मे आयुष्य वापरून झालेला असल्याने त्याचे ९००. नव्या उपकरणांची पूर्ण किंमत मागण्याचा मोह आवरावा. भरपाई ही झालेल्या हानीची असते, आणि फुगविलेली मागणी खऱ्या मागणीलाही संशयास्पद करते. दुरुस्ती करणाऱ्याकडून बिलावर 'अतिरिक्त व्होल्टेजमुळे निकामी' असा शेरा घ्यावा, तो मात्र तपासून लिहिलेला असावा. जळालेले बोर्ड परत मागून ठेवावे, आणि ज्या शेजाऱ्यांचे नुकसान झाले त्यांच्याही सह्या मिळाल्यास घ्याव्यात. पत्र दोन प्रतींत नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नाकारल्यास स्पीड पोस्टाने पाठवावे. या वादापोटी दरमहाचे लायसन्स शुल्क मात्र रोखू नये, कारण त्याने मालकांनाच आपल्याविरुद्ध कारण मिळेल.

समितीने नकार दिला, तर मालकांमार्फत हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. नऊ हजारांच्या आतील रकमेसाठी दिवाणी दावा लावण्याचा सल्ला मी देणार नाही. खर्च व कालहरण पाहता तो आपल्याच अंगावर येईल. तपासणीत दोष वीज कंपनीच्या बाजूस आढळला, तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम ४२ खालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे अर्ज करता येतो. या कायद्यातील 'ग्राहक' या व्याख्येत ज्याच्या जागेस वीजजोडणी आहे असा इसमही येतो, म्हणून बिल मालकांच्या नावे असले तरी अर्ज देण्यास कचरू नये. आपल्या घरगुती विमा पॉलिसीत विद्युत बिघाडाची जोखीम घेतली असल्यास विमा कंपनीस मात्र आजच कळवावे. एक महिना आधीच उलटला आहे, आणि सूचनेची मुदत पॉलिसीत बहुधा याहून कमी असते.