गालिबचे अखेरचे जमाखर्च

उर्दू व फारसीचे थोर कवी मिर्झा असदुल्लाखान गालिब १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे कर्ज होते. एवढे सर्वश्रुत आहे. परंतु हे कर्ज किती होते, उत्पन्न किती होते आणि नियमित निवृत्तिवेतन मिळत असताही वृद्धापकाळी हा कवी ओढगस्तीत का राहिला, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या काव्यात शोधून भागत नाही. ती सरकारी दप्तरातील नोंदी आणि स्वतः गालिब यांची पत्रे शेजारी शेजारी ठेवूनच मिळतात. नोंदीवरून पैसा किती निघाला हे कळते. पत्रांवरून तो कोठे गेला हे कळते. यांपैकी एकच साधन हाती घेतले तर निष्कर्ष हमखास चुकतो.

निवृत्तिवेतनाचे मूळ

गालिब यांच्या बाबतीत 'पेन्शन' हा शब्द आजच्या अर्थाने घेता येत नाही. त्यांनी कंपनी सरकारची चाकरी कधी केली नव्हती. या पेन्शनचे मूळ मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेले आहे. त्यांचे चुलते नसरुल्ला बेगखान हे आग्र्यास मराठ्यांच्या वतीने अधिकारी होते. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात आग्रा लॉर्ड लेकच्या हाती गेले आणि नसरुल्ला बेग इंग्रजांच्या सेवेत आले. १८०६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आश्रितांच्या पोटगीची जबाबदारी फिरोजपूर झिरका व लोहारूचे नवाब अहमद बख्शखान यांच्यावर टाकण्यात आली.

मे १८०६ च्या पहिल्या पत्रात या पोटगीची रक्कम वार्षिक १०,००० रुपये होती. पुढच्याच महिन्याच्या दुसऱ्या पत्रात ती ५,००० झाली आणि त्यांपैकी २,००० ख्वाजा हाजी नावाच्या गृहस्थाच्या वाट्याला गेले. उरलेल्यांतून गालिब व त्यांचे धाकटे बंधू यांना मिळून १,५०० रुपये ठरले. म्हणजे गालिब यांचा वाटा वर्षाला ७५० रुपये, महिन्याला ६२ रुपये ८ आणे. हे दुसरे पत्र खरे नाही, असे गालिब यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी कलकत्त्यापर्यंत प्रवास केला, परंतु १८३१ मध्ये दावा फेटाळला गेला. त्यानंतर आयुष्यभर ६२ रुपये ८ आणे हाच आकडा कायम राहिला. अभ्यासकाला त्याचा मोठा उपयोग होतो, कारण पुढील प्रत्येक हिशेब या एका आकड्यावर पडताळून पाहता येतो.

१८५० मध्ये बादशहा बहादूरशहा यांनी तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम गालिब यांना दिले आणि वर्षाला ६०० रुपये नेमून दिले. महिन्याला हे ५० रुपये होत. दोन्ही मिळून नियमित मासिक प्राप्ती ११२ रुपये ८ आणे झाली. शिवाय अवधचा दरबार व बादशहाचे युवराज यांच्याकडून काही काळ वार्षिक साहाय्य मिळत होते. ते दोन्ही १८५६ मध्ये संपले.

येथे केवळ रक्कम पाहून चालत नाही, ती हाती केव्हा पडते हेही पाहावे लागते. बादशहाकडील नेमणूक दरमहा न मिळता सहा महिन्यांनी मिळे. दरम्यानच्या खर्चासाठी सावकाराकडे जावे लागे. गालिब यांनी याबाबत बादशहाकडे पद्यमय अर्ज केला होता. आपल्या वेतनातील तिसरा हिस्सा सावकाराचा होऊन बसला आहे, अशी तक्रार त्यात आहे. खतावणीत ५० रुपये दिसतात. प्रत्यक्षात त्यांतील मोठा भाग हाती येण्यापूर्वीच व्याजात गेलेला असे.

तीन वर्षांची थकबाकी

मे १८५७ मध्ये उठाव झाला आणि एका झटक्यात दोन्ही प्राप्ती बंद पडल्या. बादशाही संपली, तिची नेमणूक गेली. बादशाही दरबाराशी संबंध असल्याच्या संशयावरून इंग्रजी पेन्शनही थांबले. जुलै १८५९ मध्ये रामपूरचे नवाब युसुफ अलीखान यांनी, जे गालिब यांचे शिष्यही होते, दरमहा १०० रुपये सुरू केले. तोपर्यंतची दोनहून अधिक वर्षे कोणतेही नियमित उत्पन्न नव्हते. घरातील कपडे व चीजवस्तू विकून दिवस काढावे लागले.

मे १८६० मध्ये पेन्शन पुन्हा सुरू झाले आणि तीन वर्षांची थकबाकी एकरकमी मिळाली. ७५० रुपयांप्रमाणे तीन वर्षांचे २,२५० रुपये होतात. केवळ खजिन्याची नोंद पाहणारा अभ्यासक येथे लिहील की, १८६० मध्ये कवीची आर्थिक अडचण दूर झाली. परंतु त्याच वर्षी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात गालिब यांनी या रकमेचा पूर्ण हिशेब दिला आहे.

२,२५० पैकी १०० रुपये पूर्वी मदतखर्च म्हणून उचललेले होते, ते कापले गेले. १५० रुपये कचेरीतील मंडळींना द्यावे लागले. असा खर्च पेन्शनच्या नोंदीत दिसणे शक्यच नाही. तो पत्रातच सापडतो. राहिले २,०००. ते मुखत्याराने आणले आणि आपल्याच घरी ठेवून घेतले, कारण हा मुखत्यारच त्यांचा धनको होता. त्याचे मुद्दल व व्याज मिळून पंधराशेला सात कमी, म्हणजे १,४९३ रुपये निघाले. इतर फुटकळ देणी अकराशेच्या थोडी वर होती. गालिब यांचे म्हणणे असे की, अकराशे इतरांना वाटावेत आणि उरलेल्या नऊशेतील निम्मे मुखत्याराने घ्यावेत, निम्मे आपल्याला द्यावेत. मुखत्यार म्हणे, माझे सारे मला द्या आणि ५०७ रुपये तुम्ही घ्या. पत्र लिहीपर्यंत हा तंटा मिटला नव्हता आणि गालिब यांनी त्या पैशाचे दर्शनही घेतले नव्हते. प्रतिष्ठा राहिली एवढेच समाधान त्यांनी नोंदविले आहे.

या हिशेबाची बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळते. २,२५० मधून १०० व १५० गेले की २,००० राहतात. २,००० मधून १,४९३ गेले की ५०७ राहतात. पत्रातील विनोदी सूर पाहून ते अतिशयोक्त समजण्याचा मोह होतो, पण आकडे ठरलेल्या पेन्शनशी जुळतात तेव्हा पत्र विश्वसनीय ठरते. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. एकूण देणे सुमारे २,६०० होते आणि हाती आलेले २,०००. सर्व रक्कम देऊन टाकली असती तरी सुमारे ६०० रुपयांचे कर्ज उरणारच होते.

एकशे बासष्ट रुपये आठ आणे

१८६० नंतर पेन्शनचे ६२ रुपये ८ आणे व रामपूरचे १०० मिळून नियमित प्राप्ती १६२ रुपये ८ आणे झाली. उठावापूर्वीच्या ११२ रुपये ८ आण्यांपेक्षा ही पन्नासने अधिक आहे. तरीही ओढ वाढली. याचे कारण आणखी एका पत्रात मिळते. प्राप्ती तीच एकशे बासष्ट. आणि तिच्यावर आयकर, चौकीदार, व्याज, मुद्दलाचा हप्ता, पत्नी, मुले व नोकरचाकर असे स्वतंत्र भार, अशी यादीच गालिब यांनी दिली आहे. भागेना म्हणून सकाळचे थंड पेय सोडले, जेवणातील मांस निम्मे केले आणि रात्रीचे मद्य व गुलाबपाणी बंद केले. त्यातून महिन्याला वीस-बावीस रुपये वाचले आणि दैनंदिन खर्च भागू लागला. म्हणजे दरमहाची तूट साधारण तेवढीच होती. पुढे रामपूरहून नेहमीच्या रकमेखेरीज पैसे आले, तेव्हा देणे फिटले आणि मद्य पुन्हा सुरू झाले.

या पत्रात अभ्यासकाला दोन धडे आहेत. पहिला कालनिश्चितीचा. हिंदुस्थानात आयकर १८६० मध्ये प्रथम लागू झाला व १८६५ मध्ये उठला. तेव्हा आयकराचा उल्लेख असलेले पत्र या पाच वर्षांच्या मर्यादेत बसते. दुसरा धडा असा की, रामपूरच्या १०० रुपयांना बाराने गुणून वार्षिक साहाय्य काढणे योग्य नाही. नैमित्तिक रकमा वेगळ्या शोधाव्या लागतात. रामपूर संस्थानच्या दप्तरात गालिब यांची पत्रे जपून ठेवलेली होती आणि इम्तियाज अली अर्शी यांनी ती १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. हुंडी पोहोचल्याची पोच देणारी पत्रे त्यांत आहेत. अमुक महिन्याचे वेतन पोहोचले, एवढाच मजकूर असलेले पत्र काव्याच्या रसिकाला नीरस वाटेल, परंतु हिशेबाच्या दृष्टीने ती पावतीच आहे.

तारखांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. गालिब यांच्या पत्रांवर हिजरी तारखाही असतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तीन वर्षांत इंग्रजी कालगणनेशी जवळजवळ एका महिन्याचा फरक पडतो. तो लक्षात न घेतल्यास एक हप्ता अधिक किंवा उणा धरला जातो.

अखेरचे आठशे

१८६५ मध्ये युसुफ अलीखान निवर्तले. त्यांचे पुत्र कल्ब अलीखान यांनी १०० रुपये चालू ठेवले. १८६८ च्या सुमारास गालिब यांनी त्यांना लिहिले की, अब्रू वाचण्यासाठी ८०० रुपये हवेत. दत्तक घेतलेल्या हुसेन अलीच्या विवाहासाठी पूर्वी केलेली मागणीही त्यांनी सोडून दिली होती. अशा अर्जपत्राचे वजन स्नेह्याला लिहिलेल्या पत्राइतके धरता येत नाही. मदत मागणारा मनुष्य आपली स्थिती ठळक करून सांगतो. म्हणून ८०० हा आकडा अन्य आधाराशी ताडून पाहावा लागतो. १८६० मध्ये सर्व थकबाकी देऊनही उरणारे कर्ज सुमारे ६०० होते, हे वर आलेच आहे. दोन्ही कर्जांचे धनको एकच असतील असे म्हणता येत नाही. परंतु देण्याचा आकार आठ वर्षांत फारसा हलला नाही, हे त्यावरून दिसते. ८०० रुपये म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांची नियमित प्राप्ती. ज्या घरात वीस रुपयांसाठी जेवणातील मांस निम्मे करावे लागे, तेथे एवढी शिल्लक कधी पडणे शक्य नव्हते.

गालिब यांच्या उधळपट्टीच्या कथा अनेक आहेत आणि मद्याची आवड त्यांनी स्वतःही लपविली नाही. तथापि नोंदी व पत्रे एकत्र वाचली असता त्यांच्या ओढगस्तीचे मुख्य कारण अन्यत्र सापडते. सहामाहीने मिळणारे वेतन, त्यापोटी काढलेले कर्ज आणि १८५७ नंतर पेन्शन थांबलेली तीन वर्षे, यांतून देण्याचा जो डोंगर उभा राहिला तो पेन्शन परत मिळाल्यावरही खाली आला नाही. खजिन्याच्या दप्तरी हे प्रकरण १८६० मध्ये मिटले होते. कवीच्या घरी ते १८६९ पर्यंत चालू होते.